बाळाची वेक विंडो: डोळा उघडल्यापासून डोळा लागेपर्यंत, पहिल्या वर्षभराचा हिशोब

वडगावात माझ्या माहेरी घराला लागूनच मागाचं शेड आहे, दिवसभर खटक खटक चालूच असतं. भावाचं बाळ त्या आवाजात बिनघोर झोपतं, उलट करंट गेला आणि माग थांबले की दचकून उठतं. त्यामुळं ते सहा महिन्यांचं होत आलं आणि रात्री दीड वाजता उठून तास-सव्वातास हसत खेळत बसायला लागलं, तेव्हा घरात सगळ्यांनी आधी करंटला, मग दृष्टीला आणि शेवटी वहिनीच्या जेवणाला दोष दिला. मी बाळंतिणींच्या वॉर्डात नऊ वर्षं नर्स म्हणून काम केलंय, म्हणून आईनं मला फोन केला, "अगं दिवसातनं पाच वेळा झोपायलंय की गं, तरी रात्री झोप नाही, काय झालंय बघ तरी." पाच वेळा हा शब्द ऐकला आणि माझं लक्ष तिथंच अडकलं, कारण सहा महिन्यांचं बाळ पाच वेळा झोपतंय म्हणजे त्याला अजून तीन-साडेतीन महिन्यांच्या बाळाच्या हिशोबानं झोपवायलेत. त्या घरात पुढं काय केलं ते खाली सगळं सांगते, पण आधी विंडो म्हणजे नेमकं काय ते नीट कळायला पाहिजे.

विंडो कुठून कुठपर्यंत मोजायची

बाळाचा डोळा उघडला तिथून परत डोळा लागेपर्यंतचा वेळ म्हणजे एक वेक विंडो. दूध पिणं, लंगोट बदलणं, तेल लावणं, आंघोळ, खेळ, सगळं ह्याच्यातच आलं. आणि बहुतेक घरात जी गोष्ट सुटते ती म्हणजे झोपवायला घेतल्यापासून झोप लागेपर्यंतची मिनिटं. पाळण्यात घालून पंचवीस मिनिटं झोका दिला तर ती पंचवीस मिनिटं पण बाळ जागंच होतं ना, मग ती मोजायलाच पाहिजेत. काही जण पाळण्यात घालेपर्यंतच मोजतात, तसं मोजलं तरी चालतं पण मग कायम तसंच मोजा, एक दिवस असं एक दिवस तसं केलं की वहीतनं काहीच कळत नाही. मी डोळा लागेपर्यंत मोजते आणि खालचे सगळे आकडे त्याच हिशोबाचे आहेत.

आता ही विंडो का वाढते? माणूस जागा असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि जितका साठेल तितकी झोपेची ओढ वाढते, झोपलं की तो कमी होतो. तान्ह्या बाळात ही ओढ फार पटकन वर चढते म्हणून ते तासाभरातच गळून जातं. मेंदू मोठा होत जातो तसं ओढ चढायला जास्त वेळ लागतो, म्हणजे बाळ जास्त वेळ मजेत जागं राहू शकतं. दुसरी गोष्ट म्हणजे दिवस-रात्रीचं आतलं घड्याळ, ते जन्मताना तयार नसतं, साधारण दोन-तीन महिन्यांनी अंधार पडला की शरीर स्वतःहून झोपेचं हार्मोन सोडायला शिकतं. ह्या दोन्ही गोष्टी जुळल्या की झोप लागते पण लवकर आणि टिकते पण. ओढ पुरेशी चढायच्या आधीच झोपवलं तर बाळ झोपायला वेळ लावतं आणि अर्ध्या तासात ताजंतवानं होऊन उठतं. फार उशीर केला तर शरीर स्वतःला जागं ठेवायला ताणाचे हार्मोन सोडतं, मग बाळ किंचाळतं, पाठीची कमान करतं, आणि झोपलं तरी थोड्याच वेळात रडत उठतं.

एक सांगते, वयाप्रमाणं जे आकडे सगळीकडं फिरतात ते बाळं बघून बघून बसवलेले अंदाज आहेत, लॅबमध्ये मोजून ठरवलेला नियम नाही. म्हणून प्रत्येक वयाला एक आकडा नसतो, एवढ्यापासून एवढ्यापर्यंत असं असतं आणि एकाच वयाच्या दोन बाळांत अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सहज असतो. तुमचं बाळ त्यात कुठं बसतंय ते शोधणं हे खरं काम.

पहिले तीन महिने

पहिल्या महिन्यात विंडो अर्धा ते एक तास, बस्स. आता ह्या तासात दूध प्यायलाच अर्धा-पाऊण तास जातो, मग ढेकर, लंगोट, की झाली विंडो संपली. खेळवायला वेळच नसतो आणि तसं खेळवायची गरज पण नसते. आपल्याकडं सकाळी आंघोळ घालायला बाई येतात, पाय पसरून बाळाला पायावर घेऊन तेल जिरवून कडक पाण्यानं न्हाऊ घालतात, त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, त्यात आधी दूध पाजलं असेल तर बाळ जागं झाल्याला दीड तास होऊन जातो. आंघोळीच्या शेवटी बाळ बेंबीच्या देठापासून रडतं त्यातलं निम्मं रडणं ह्या थकव्याचं असतं. त्या बाई येणारच असतात, त्यांना नको म्हणायचं कारण नाही, फक्त बाळ उठलं की पंधरा-वीस मिनिटांत आंघोळ सुरू होईल असं बघा आणि तेल-पाणी मिळून पंचवीस मिनिटांत आटपायला सांगा. भुकेलं असेल तर थोडं पाजून घ्या आणि पोटभर दूध आंघोळीनंतर द्या. (धुरीचं मात्र मी स्पष्ट सांगते, शेगडीवर ओवा-ऊद टाकून बाळाला धुरात धरू नका, त्या इवल्याशा फुप्फुसांना धूर सोसत नाही. नाका-कानात तेल पण नको.)

आंघोळीनंतर बाळ तीन-तीन तास झोपतं, ते छान आहे. पण जन्माच्या वेळचं वजन परत भरून निघेपर्यंत, म्हणजे साधारण पहिले दोन आठवडे, तीन तासांपेक्षा जास्त झोपलं तर उठवून पाजायचं. विंडो झोपेच्या आधीच्या वेळेची आहे, दूध चुकवायला ते कारण होत नाही.

दुसऱ्या महिन्यात विंडो एक तासाच्या पुढं सरकते, दोन महिने पुरे होताना सव्वा तास, कुणाची दीड. तायी कार्डावर, म्हणजे सरकारी दवाखान्यातनं मिळणाऱ्या आई-बाळाच्या कार्डावर, सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी असतात, त्याच तारखांना मी आयांना विंडो परत बघायला सांगते म्हणजे वेगळं लक्षात ठेवायला लागत नाही. साधारण सहा आठवड्याला एक तास-सव्वा तास, दहाला सव्वा-दीड, चौदाला दीड ते पावणेदोन असं येतं. लस टोचल्यावर एक-दोन दिवस बाळ जास्त झोपतं किंवा किरकिर करतं, ते दिवस वहीत धरायचेच नाहीत.

ह्या तीन महिन्यांत घड्याळापेक्षा बाळाकडं बघा. बाळ दमायला लागलं की आधी गप्प होतं, हातपाय हलवायचं कमी करतं, नजर एका जागी लागून राहते किंवा तुमच्या तोंडाकडं बघायचं टाळतं, भुवयांच्या जागी लालसर दिसतं. ही खरी वेळ. जांभया आणि डोळे चोळणं म्हणजे आता घाई करा. मुठी आवळून रडायला लागलं म्हणजे वेळ निघून गेली. आणि संध्याकाळी पाच ते आठ ह्या वेळात सहा आठवड्यांचं बाळ रडतंच, विंडो अगदी बरोबर धरली तरी रडतं, ते वयच तसं आहे, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात आपोआप कमी येतं. त्या वेळात अंगाशी धरून फिरवा, कुठल्याही हिशोबात पडू नका.

चार ते सहा महिने, जिथं घरं चुकतात

साडेतीन-चार महिन्याला झोपेची घडणच बदलते. आधी बाळाची झोप ढोबळ असते, आता मोठ्या माणसासारखे हलकी-गाढ झोपेचे टप्पे तयार होतात आणि दोन टप्प्यांच्या मधे बाळ थोडं जागं होतं. म्हणून चार महिन्यांत अचानक रात्री सारखं उठायला लागतं आणि दिवसा तीस-चाळीस मिनिटांत झोप तुटते. पाच महिन्यांपर्यंत तीस-चाळीस मिनिटांची दिवसाची झोप नॉर्मल धरायची, तेवढ्यावरनं विंडो चुकली असं म्हणायचं नाही.

चौथ्या महिन्यात विंडो दीड ते दोन तास, पाच-सहाला दोन ते अडीच, काही बाळांची सहा महिने भरताना पावणेतीनपर्यंत. म्हणजे चार ते सहा ह्या दोन महिन्यांत जवळजवळ तासाभरानं वाढते, इतकी झपाट्यानं. आणि घरातली माणसं मात्र तिसऱ्या महिन्यात जे जमलं होतं तेच धरून बसतात. आई, आजी, आत्या सगळ्यांना "दीड तास झाला की झोपवायचं" एवढं पाठ झालेलं असतं. चूक कुणाची नाही हो, बाळ बदललं ते दिसत नाही कारण ते रोज थोडं थोडं बदलतं.

ह्या वयापासून जांभईवर पण भरवसा कमी करा. पाच महिन्यांचं बाळ कंटाळलं तरी जांभई देतं आणि डोळे चोळतं. गॅलरीत नेलं, म्हैस दाखवली, आणि लगेच डोळे टकाटक उघडले तर ती झोप नव्हती, कंटाळा होता. आता घड्याळ पुढं, खुणा मागं.

वडगावच्या घरातली वही

मी गेले तेव्हा बाळ पाच महिने वीस दिवसांचं होतं. पहिल्या दिवशी काहीच बदललं नाही, फक्त दोनशे पानी वही पाळण्याच्या दोरीला पेन बांधून अडकवली आणि तीन वेळा लिहायला सांगितल्या: झोपवायला कधी घेतलं, डोळा कधी लागला, कधी उठलं आणि उठताना हसत होतं का रडत. ह्याच्या वर काही लिहायचं नाही, नाहीतर कुणी लिहीत नाही. झोका आई द्यायची, म्हणून वही पण तीच लिहिणार असं ठरलं, आणि तिनं ती फार इमानदारीनं लिहिली.

दिवस असा होता. सकाळी ६:४५ ला उठलं. दीड तास झाला म्हणून ८:१५ ला पाळण्यात, डोळा लागला ८:४० ला, उठलं ९:१० ला, हसत. परत १०:४० ला पाळण्यात, झोपलं ११:०५ ला, उठलं ११:४० ला, हसत. १:१० ला पाळण्यात, झोपलं १:४० ला, उठलं २:१० ला. ३:४० ला पाळण्यात, झोपलं ४ ला, उठलं ४:३५ ला. ६:०५ ला पाळण्यात, झोपलं ६:३० ला, उठलं ७ ला. रात्री ८:३० पासून आई झोका देत होती, डोळा लागला ९:४० ला. मग रात्री दीड ते पावणेतीन जागं, आणि परत सकाळी ६:४५.

आता पाळण्यात घातलेली वेळ बाजूला ठेवा आणि उठल्यापासून खरोखर डोळा लागेपर्यंत मोजा. पहिली विंडो १ तास ५५ मिनिटं. दुसरी १:५५. तिसरी २ तास. चौथी १:५० आणि पाचवी परत १:५५. बघा की, बाळ स्वतःच सांगायलंय की मला दोन तास जागं राहायचंय, आपण दीड तासाला त्याला पाळण्यात घालून पुढची पंचवीस मिनिटं झोका देत बसलोय. आईनं ते आकडे वाचले आणि म्हणाली, "म्हणजे मी उगीच हात दुखवून घेतले म्हण की." हात दुखलेच, पण त्याहून वाईट म्हणजे पंचवीस मिनिटं झुलवून आणलेली झोप अर्धवट ओढीवर आलेली होती, म्हणून अर्ध्या तासात सुटायची.

दिवसाची झोप सगळी मिळून २ तास ४० मिनिटं, रात्रीची खरी झोप पावणेआठ-आठ तास, एकूण साधारण साडेदहा. चार महिन्यांपासून वर्षापर्यंत बाळाला दिवस-रात्र मिळून १२ ते १६ तास झोप लागते, म्हणजे पाच वेळा झोपून पण हे बाळ उपाशीच होतं. आणि शेवटची झोप सात वाजता संपल्यामुळं रात्रीला ओढच शिल्लक राहत नव्हती.

बदल दोन पायऱ्यांत केला. पहिले तीन दिवस विंडो वाढवलीच नाही, फक्त पाळण्यात घालायची वेळ पुढं सरकवली. उठल्यापासून पावणेदोन तासांनी खोलीत न्यायचं, पडदा ओढायचा, लंगोट बदलायचा, एक अंगाई, आणि दोन तासाच्या पाच-दहा मिनिटं आधी पाळण्यात. दुसऱ्याच दिवशी सात-आठ मिनिटांत डोळा लागायला लागला. झोप अजून चाळीस मिनिटांचीच, पण झोका देण्याचा त्रास गेला.

दुसरी पायरी म्हणजे दर तीन दिवसांनी दहा-पंधरा मिनिटं वाढवायची, आणि सगळ्या विंडो सारख्या वाढवायच्या नाहीत. सकाळची पहिली विंडो सगळ्यात छोटी ठेवायची, संध्याकाळची शेवटची सगळ्यात मोठी. रात्रीची झोप होऊनही सकाळी बाळ लवकर पेंगतं, हे बहुतेक बाळांत दिसतं. आम्ही दुपारच्या विंडोपासून सुरुवात केली कारण त्या वेळी घर गजबजलेलं असतं, बाळाला बघायला माणसं असतात, दहा मिनिटं जास्त कशी गेली कळत नाही.

सहाव्या दिवशी गडबड झाली. शहापूरहून पाहुणे आले, बाळ ह्याच्या कडेवरनं त्याच्या कडेवर फिरत राहिलं आणि दोन तासाची विंडो पावणेतीन झाली. मग किंचाळायला लागलं, पाळण्यात ताठ झालं, वहिनीनं कडेवर घेतलं तर दोन मिनिटांत डोळा लागला. "बघ किती पटकन झोपलं," असं पाहुण्या म्हणाल्या. पण वीस मिनिटांत रडत उठलं, आणि तेच लक्षात ठेवायचं. विंडो छोटी पडली की झोप लागायला वीस मिनिटांच्या वर जातात आणि बाळ लवकर उठलं तरी खुशीत उठतं. विंडो मोठी झाली की आधी किंचाळतं, मग एकदम गळून पडतं आणि रडतच उठतं. दोन्हीत झोप छोटीच होते, म्हणून नुसतं "अर्ध्या तासात उठतंय" ह्यावरनं काही ठरवू नका, झोपताना आणि उठताना तोंड कसं होतं ते बघा. त्या दिवशी संध्याकाळी आम्ही पुढची विंडो पंधरा मिनिटांनी कमी केली आणि रात्री अर्धा तास लवकर झोपवलं, दुसऱ्या दिवशी गाडी परत रुळावर.

सतराव्या दिवसाचं पान असं. उठलं ६:४५. झोपलं ८:५५, उठलं ९:५०. झोपलं १२:१५, उठलं १:४५, दीड तास, घरात कुणाचा विश्वास बसेना. झोपलं ४:१५, पाच वाजता आईनं पडदा उघडून उठवलं. रात्री ७:५० ला डोळा लागला. विंडो झाल्या २:१०, २:२५, २:३० आणि २:५०. झोपा पाचाच्या तीन झाल्या, पण दिवसाची झोप ३ तास १० मिनिटं झाली. रात्री दोन वेळा दूध प्यायला उठत होतं, पिऊन लगेच झोपत होतं, आणि रात्रीचा खेळ बंद. एकूण चौदा तास. रात्री दूध पिणं ह्या वयात गरजेचं असू शकतं, ते बंद करायच्या मागं आम्ही लागलो नाही.

पाच वाजता उठवणं हे आईला फार जड गेलं, "झोपलेल्या लेकराला उठवू नये" असं ती लहानपणापासून ऐकत आलेली. तिला मी एवढंच म्हटलं की ही एकच झोप कापायची, कारण ती सहापर्यंत गेली की रात्र नऊ-साडेनऊला जाते. बाकीच्या दोन झोपांना हात लावायचा नाही.

आमच्याकडं साडीची झोळी पण होती. झोळीत बाळ छान शांत होतं, पण पाठ गोल होऊन हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबू शकते, शिवाय कापड तोंडावर येऊ शकतं. म्हणून झोळीत झोपवलं तरी डोळा लागला की सपाट, कडक अंथरुणावर पाठीवर ठेवायचं, उशी नाही, तोंडाजवळ गोधडी नाही. आणि बाळ पालथं पडायचा प्रयत्न करायला लागलं की दुपट्यात गुंडाळून झोपवणं बंद.

सात ते नऊ, तीनाच्या दोन झोपा

सात महिन्यांला विंडो अडीचच्या आसपास, आठ-नऊला पावणेतीन ते साडेतीन. साडेसहा ते आठच्या दरम्यान तिसरी, संध्याकाळची झोप सुटते. ती सुटायची वेळ आली हे असं कळतं: बाळ तिसऱ्या झोपेला नकारच देतं, किंवा ती इतक्या उशिरा लागते की रात्र लांबते, किंवा पहाटे पाचलाच उठून बसतं. एक-दोन दिवस झालं म्हणून सोडू नका, सलग आठ-दहा दिवस तसं असेल आणि पहिल्या दोन विंडो पावणेतीन-तीन तासांच्या जमत असतील तरच सोडा. मधले दोन आठवडे खिचडीचे असतात, एक दिवस दोन झोपा, एक दिवस तीन. दोनच झाल्या त्या दिवशी रात्री लवकर, साडेसहा-सातला पण झोपवायला लागतं, आणि आपल्या घरात त्या वेळी दिवेलागण, टीव्ही, बाहेरनं आलेली माणसं, बाळाच्या बाबांना तर बाळ बघायलाच मिळत नाही. त्यावर एक मार्ग म्हणजे सकाळ उशिरा सरकवणं, पण बाळ साडेसहाला उठतंच असेल तर तो मार्ग नाही, मग ते दोन आठवडे सोसायचे.

ह्याच वेळी नाचणीचं सत्व, मऊ भात-वरण सुरू झालेलं असतं. खाऊ घालणं विंडोच्या मध्यावर बसवा. झोपेला चिकटून दिलं तर पेंगत पेंगत खाणार आणि घास अडकायची भीती.

दहा ते बारा

इथं वाढ हळू होते. तीन ते साडेतीन, वर्षाला साडेतीन ते चार तास. दोनच झोपा. पण दहा-अकरा महिन्यांत बाळ धरून उभं राहायला शिकतं आणि दुसऱ्या झोपेला पाळण्याची दोरी धरून उभंच राहतं, झोपत नाही. घरात लगेच म्हणतात आता एकच झोप पुरे. नको. एक झोप बहुतेक बाळांना चौदा ते अठरा महिन्यांत जमते, त्या आधी सोडली तर पंधरा दिवसांत पहाटेचं उठणं आणि संध्याकाळचं रडणं सुरू होतं. सकाळची झोप तासाभरावर कापा, दुसरी विंडो पंधरा मिनिटांनी वाढवा आणि दोन आठवडे थांबा. नवं काही शिकताना बाळ झोप बाजूला ठेवतं आणि ते शिकून झालं की परत झोपतं.

वेळेआधी जन्मलेल्या बाळाचं वय डिलिव्हरीच्या दिलेल्या तारखेपासून धरा. दीड महिना आधी झालं असेल तर साडेपाच महिन्यांच्या बाळाला चार महिन्यांची विंडो. इथं घरचे फार घाई करतात.

सर्दी-ताप, दात, प्रवास, ह्या दिवसांत विंडो अर्ध्या तासानं कमी करा आणि वही बंद ठेवा. बरं झाल्यावर तीन-चार दिवसांनी परत आधीच्या आकड्याला या.

आणि काही गोष्टी विंडोच्या नाहीतच. तान्हं बाळ दुधाला पण उठत नाही, उठवलं तरी ढिलं पडतं, पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला सहापेक्षा कमी लंगोट ओले होतात, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप येतो, किंवा झोपेत जोरात घोरतं, श्वास मधेच थांबल्यासारखा वाटतो, ओठ निळसर दिसतात, तर वही तिथंच ठेवून डॉक्टरकडं निघा, रात्र असली तरी.

वडगावचं बाळ आता नऊ महिन्यांचं आहे, गोवराची लस गेल्या आठवड्यात झाली. वही अजून पाळण्याला आहे पण आई आता रोज लिहीत नाही, किरकिर वाढली की तीन-चार दिवस लिहिते आणि मला फोनवर आकडे वाचून दाखवते. परवा म्हणाली, "दुसऱ्या झोपेला परत पंचवीस मिनिटं लागायलीत, पंधरा मिनिटं वाढवू काय?" मी म्हटलं, उठताना कसं उठतंय? "हसत की." मग वाढव.